टीव्ही उभाच न्यायचा

घर बदलताना टीव्ही कुठेही न आपटता फुटू शकतो. टेम्पोत गादीवर छान आडवा निजवलेला असतो, वर चादर घातलेली असते आणि नव्या घरी चालू केला की आवाज येतो, पण पडद्यावर कोळ्याचं जाळं आणि शाई सांडल्यासारखे काळे डाग. पडद्याची काच फार पातळ असते आणि तिला आधार असतो तो फक्त कडांना. आडवा ठेवला की मधला भाग आधाराविना राहतो आणि प्रत्येक खड्ड्यागणिक लवतो. नवीन पॅनल बसवायचा खर्च बहुतेक वेळा नव्या टीव्हीच्या आसपास जातो.

कंपनीचा खोका नीट पाहिला तर त्यातली युक्ती कळते. थर्माकोलचे ठोकळे टीव्हीला कडांनी आणि कोपऱ्यांनी धरतात, पडद्याच्या मध्यावर काहीच दाबत नाही. म्हणून माळ्यावर जागा असेल तर खोक्यापेक्षाही ते ठोकळे जपा. नुसता रिकामा खोका फारसा कामाचा नाही.

खोका नसेल तर हीच रचना घरी करायची. समजा, त्रेचाळीस इंची टीव्ही आहे. तो साधारण ९७ सेंटीमीटर रुंद आणि ५७ सेंटीमीटर उंच असतो. स्टँड काढून त्याचे स्क्रू पिशवीत घाला, ती रिमोटबरोबर ठेवा. मागच्या वायरींचा फोटो काढा. पडद्यावर आधी मऊ, स्वच्छ सुती चादर किंवा फोमचा पातळ कागद घाला. बबल रॅप थेट काचेवर नको, दाबाखाली फुग्यांचे ठसे उठू शकतात. चिकटपट्टी तर पडद्याला लावायचीच नाही. मग कडांवर थर्माकोलच्या पट्ट्या आणि पुढून-मागून टीव्हीपेक्षा थोडे मोठे जाड पुठ्ठे. पुढचा पुठ्ठा कडेच्या पट्ट्यांवर टेकला पाहिजे, काचेवर नाही. दोरी बांधायची तीही कडांच्या बाजूने. पडद्यावरून आवळलेली दोरी टीव्ही पॅक करतानाच फोडते. पुठ्ठ्यावर मोठ्या बाणाने 'वर' लिहा. हमाल वाचतीलच असं नाही, तरी लिहा.

उचलायला दोन माणसं हवीत. एक हात खाली, एक बाजूला, बोटं काचेवर नाहीत. टेम्पोत टीव्ही शेवटी चढवावा आणि उभाच ठेवावा. पडद्याची बाजू उभ्या केलेल्या गादीकडे, मागची बाजू टेम्पोच्या भिंतीकडे. तिथे गादी नुसती टेकलेली असावी, तिच्यावर कपाटाचा भार येता कामा नये. मिक्सर, कुकर, कुंड्या जवळपासही नकोत.

पॅक करण्याआधी टीव्ही चालू करून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्यात मागचा सीरियल नंबरही दिसू द्या. पावसात भिजट हवेतून आणला असेल तर लगेच प्लग लावू नका. आत दव धरलेलं असू शकतं, काही तास तसाच राहू द्या. मात्र पॅकिंग उघडून पडदा टेम्पोवाल्यासमोरच टॉर्चच्या उजेडात तिरका पाहून घ्या. तडा असेल तर बंद पडद्यावरही बऱ्याचदा दिसतो आणि त्याची नोंद टेम्पोवाल्याच्या पावतीवर तेव्हाच करून घेता येते.