साहेबांच्या दिवसाचा हिशेब

मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यूयॉर्कमधली घड्याळं एक तास पुढे जातात. लंडनची घड्याळं महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबतात, आणि भारतातली कधीच हलत नाहीत. मधले ते दोन-तीन आठवडे म्हणजे एक्झिक्युटिव्ह असिस्टंटची खरी परीक्षा.

समजा, मुंबईतल्या एका कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरांचा दर सोमवारी न्यूयॉर्कशी कॉल असतो. तिथे सकाळचे आठ, इथे संध्याकाळचे साडेसहा, लंडनमध्ये दुपारचा एक. निमंत्रण न्यूयॉर्कहून आलेलं असल्यामुळे घड्याळं बदलली की आउटलुक तो कॉल मुंबईत गुपचूप साडेपाचला आणून ठेवतं. तिथे आधीच अर्थविभागाची बैठक बसलेली! लंडनच्या सहकाऱ्याच्या कॅलेंडरमध्येही तो बारा वाजता दिसू लागतो आणि महिन्याअखेर परत एकवर जातो.

जाणती असिस्टंट हे फेब्रुवारीतच हेरते. मग ठरवायचं ते सॉफ्टवेअर ठरवत नाही: अर्थविभागाची बैठक हलवली तर कोणाचं काम अडेल? महिनाअखेरचे आकडे जुळवायला बसलेल्या माणसांना उठवायचं, की न्यूयॉर्कला वेळ बदलायला सांगायचं? साहेबांच्या वतीने निमंत्रणं स्वीकारायचा अधिकार तिला आउटलुकमधून दिलेला असतो. तो वापरण्यासाठी साहेबांचे प्राधान्यक्रम नीट ठाऊक असावे लागतात. ‘प्रायव्हेट’ नोंदी मात्र वेगळी परवानगी दिल्याशिवाय तिला दिसत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांची भेट किंवा मुलांच्या शाळेतला कार्यक्रम यांसाठी वेळ राखून ठेवायची सवय ती साहेबांना आधीच लावून घेते.

कार्यक्रमांचंही असंच. वितरकांचा मेळावा आहे, निमंत्रणं १२० जणांना गेली आहेत. हॉटेल किमान किती ताटांची हमी देता, असं विचारतं. १२० सांगून ९० माणसं आली, तरी बिल १२० ताटांचंच. म्हणून ती गेल्या वर्षी होकार देऊन न आलेल्यांची यादी काढते, बाहेरगावच्यांची तिकिटं झाली का हे फोनवर विचारते आणि मगच आकडा कळवते. मिनिट-टू-मिनिट कार्यक्रम एक्सेलमध्ये असतो: किती वाजता काय, जबाबदारी कोणाची, फोन नंबर काय. आदल्या संध्याकाळी ती सभागृहात जाऊन त्याच लॅपटॉपवर, त्याच स्पीकरवर फिल्म लावून बघते, कारण चित्र दिसलं तरी आवाज येईलच असं नसतं.

इतकं सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या बायोडेटात अनेकदा एवढंच लिहिलेलं सापडतं: ‘कॅलेंडर मॅनेजमेंट, इव्हेंट कोऑर्डिनेशन, एमएस ऑफिस.’ या ओळीत तिचं कामच हरवून जातं. किती वरिष्ठांचं काम बघितलं, किती देशांच्या वेळा सांभाळल्या, किती माणसांचा मेळावा उभा केला, खर्चाची मंजुरी कितीपर्यंत स्वतः देता येत होती आणि कोणते निर्णय विचारल्याशिवाय घेतले, हे लिहायला हवं. या क्षेत्रात असाल तर आज बायोडेटातली ती एक ओळ खोडा आणि त्या जागी मार्चमधल्या एखाद्या सोमवारी काय केलंत ते लिहा.