ठोके सरळ झाले, तरी गोळी सुरूच

‘शॉक दिला, ईसीजी नॉर्मल आला. मग रक्त पातळ करायची गोळी आता कशाला?’ एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ असलेल्या रुग्णाचे नातेवाईक हे विचारतात तोवर ठीक आहे. पण अनेकदा कुणाला न विचारताच गोळी बंद होते आणि ते कळतं पक्षाघातानंतर. हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे की तो नीट उलगडायलाच हवा.

एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा, म्हणजे कर्णिका, आकुंचन न पावता नुसती थरथरते. डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते. शॉकने विद्युत लय क्षणात जागेवर येते, पण कर्णिकेचे स्नायू तेवढ्यात जागे होत नाहीत. ईसीजी सरळ दिसत असताना भिंत मात्र काही दिवस, कधी काही आठवडे मरगळलेलीच असते. मग जोर परत येऊ लागतो आणि आधी साचलेली गुठळी सुटू शकते. शॉकनंतरचे बहुतेक पक्षाघात पहिल्या दहा दिवसांत होतात ते यामुळेच.

समजा, ६८ वर्षांच्या एक काकू आहेत. त्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे, आणि तीन दिवसांपासून धडधड होते आहे. नाडी १३८, पण रक्तदाब ठीक, छातीत दुखत नाही, दम नाही. त्यांना लगेच शॉक देणं चूक ठरेल. आधी मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने नाडीचा वेग उतरवायचा आणि एपिक्साबॅन सुरू करायचं. सलग तीन आठवडे एकही डोस न चुकवता ते घेतल्यावर शॉक द्यायचा. घाई असेल तर अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री करायची. शॉकनंतर निदान चार आठवडे गोळी सुरूच. डोस चुकले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण मग सारा हिशेब बदलतो.

पूर्वी एएफ सुरू होऊन ४८ तास झाले नसतील तर शॉक सुरक्षित मानत. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा २४ तासांवर आणली आहे. शिवाय एएफ नेमकं कधी सुरू झालं हे अनेकांना सांगताच येत नाही. रक्तदाब कोसळला नसेल तर अशांना उशीर झाला असंच धरायचं.

चार आठवड्यांनंतर काय? काकूंचं वय, रक्तदाब आणि मधुमेह, प्रत्येकाचा एक गुण, म्हणजे तीन. पक्षाघाताचा धोका या गुणांवर ठरतो, आजचा ईसीजी कसा दिसतो यावर नाही. म्हणून त्यांची गोळी पुढेही चालू राहील. एएफ कसलंही लक्षण न दाखवता परत येतं, हे तर आहेच. ज्यांना शंका असेल त्यांनी २००२ ची अफर्म चाचणी पाहावी. तिच्यात ४,०६० रुग्ण होते. लय सरळ ठेवलेल्यांना वॉरफरिन थांबवण्याची मुभा होती, आणि बहुतेक पक्षाघात वॉरफरिन बंद केलेल्यांना किंवा आयएनआर २ च्या खाली असलेल्यांना झाले.

अ‍ॅब्लेशननंतरही पहिले दोन-तीन महिने गोळी सर्वांनाच लागते. वर्षभर एएफ परतलं नसेल, तर निवडक रुग्णांत ती थांबवता येऊ शकते, असं २०२५ मध्ये कोरियात झालेल्या चाचणीत दिसलं आहे. पण तो निर्णय तपासण्या करून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

एएफबद्दलचे आणखी काही गैरसमज असे.

‘अ‍ॅब्लेशन म्हणजे कायमचा इलाज’: काबाना चाचणीत तीन वर्षांत सुमारे निम्म्या लोकांना एएफ परत आढळलं. मात्र नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ६९ टक्के होतं, म्हणजे फायदा खरा आहे.

‘रक्त पातळ करायला अ‍ॅस्पिरिन पुरे’: नाही. एपिक्साबॅनने त्याच्या तुलनेत निम्म्याहून जास्त पक्षाघात टळले, आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच झाला.

‘नुसता वेग आवरणं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’: अफर्ममध्ये वेग आवरलेले रुग्ण लय सरळ केलेल्यांपेक्षा कमी जगले नाहीत. पण २०२० च्या ईस्ट चाचणीने चित्र थोडं बदललं. निदानानंतर वर्षभराच्या आत लय सरळ करण्याचे उपचार सुरू केलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात आणि हृदयासाठी रुग्णालयात भरती होणं मिळून सुमारे एक पंचमांशाने घटलं. त्यातल्या बहुतेकांची रक्त पातळ करायची गोळी मात्र चालूच होती.