एका पॉईंटची किंमत

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर, अकोले, राहाता या पट्ट्यात दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे तीन हप्ते. घरातला किराणा, मुलांची फी, दवाखाना हे सगळं या तीन तारखांवर बेतलेलं असतं. पण हा पगार ठरतो तो त्या तारखांना नव्हे, तर रोज सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या काउंटरवर, कॅन रिकामी होताना. तिथे हातात पडणाऱ्या चिटोऱ्याएवढ्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम छापलेली असते. त्यातला दर कुठून येतो, हे सभासदाला सहसा कुणी समजावून सांगत नाही.

गायीच्या दुधाचा जाहीर दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफसाठी असतो. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी वगळून दुधात जे घन पदार्थ उरतात ते: प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार. जुलै २०२४ पासून राज्य सरकारने संघांनी ३० रुपये द्यायचे आणि वर ५ रुपये अनुदान, अशी योजना आणली, तेव्हाही आधार हाच होता. म्हणजे ‘तीस रुपये दर’ हा फक्त बरोबर ३.५/८.५ लागलेल्या दुधाचा दर. त्याच्या वर-खाली दशांश एक टक्क्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक पॉईंट, आणि प्रत्येक पॉईंटचे पैसे ठरलेले. सगळी कमाई आणि सगळी तक्रार या पॉईंटमध्ये असते.

पॉईंटचे पैसे किती असावेत, हे हिशेबाने काढता येतं. सहकारी दूधधंद्यात दोन्ही घटकांना मोल देणारी पद्धत आहे, आणि तिच्यात एक किलो एसएनएफची किंमत एक किलो फॅटच्या दोन तृतीयांश धरण्याची जुनी चाल आहे. नुसत्या फॅटवर दर दिला की म्हशीच्या दुधाचं भलं होतं आणि संकरित गायीच्या दुधातली पावडर फुकट जाते, म्हणून ही दुहेरी पद्धत. आता १०० किलो गायीचं दूध घ्या. सोपेपणासाठी इथे किलोलाच ३० रुपये धरू. त्यात साडेतीन किलो फॅट आणि साडेआठ किलो एसएनएफ. साडेआठचे दोन तृतीयांश म्हणजे ५.६७. दोन्ही मिळून झाले ९.१७ भाग. तीन हजार रुपये या भागांत वाटले की फॅट किलोला सुमारे ३२७ रुपये आणि एसएनएफ किलोला सुमारे २१८ रुपये पडतं. एक पॉईंट म्हणजे शंभर किलोत १०० ग्रॅम. तेव्हा फॅटचा पॉईंट ३३ पैशांचा आणि एसएनएफचा पॉईंट २२ पैशांचा.

दरपत्रकात दोन्हीला ३० पैसे लावले तर ते या हिशेबाच्या आसपास आहे. एक थोडा कमी, दुसरा थोडा जास्त. पण काही ठिकाणी आधाराच्या खाली एसएनएफ घसरलं की पॉईंटमागे एक रुपया कापला जातो. शेतकरी त्याला ‘रिव्हर्स दर’ म्हणतात. २२ पैशांचा माल कमी आला म्हणून शंभर पैसे कापणं ही मालाची किंमत नव्हे, तो दंड आहे. पाणी घालणाऱ्याला वचक बसावा म्हणून दंड असेल तर तसं सांगून लावावा. तो दराच्या कोष्टकात लपवला की पाणी न घालणाराही त्यात भरडला जातो, कारण उन्हाळ्यात चारा निकस झाला की गायीचं एसएनएफ आपोआप ८.३-८.४ वर येतं.

एक घर घेऊन पाहू. दोन संकरित गायी, सकाळी ९ लिटर, संध्याकाळी ७. सकाळचं दूध ३.६/८.४ लागतं, संध्याकाळचं ४.०/८.५. संध्याकाळी फॅट जास्त लागणं स्वाभाविक आहे, दोन धारांमधलं अंतर दिवसा कमी असतं. पॉईंटला ३० पैसे असतील तर सकाळी फॅटचा एक पॉईंट वर आणि एसएनएफचा एक खाली, दर ३० रुपयेच. संध्याकाळी पाच पॉईंट वर, दर साडेएकतीस. दहा दिवसांत सकाळचं ९० लिटर म्हणजे २,७०० रुपये, संध्याकाळचं ७० लिटर म्हणजे २,२०५. एकूण ४,९०५. आता एसएनएफला रिव्हर्स दर लावा: सकाळचा दर २९.३० होतो आणि हप्त्याला ६३ रुपये जातात. महिन्याला १८९. एवढ्याशा घसरणीत, एका घरात.

रिव्हर्स दर बाजूला ठेवला तरी पगार हातात येतो तो ४,९०५ च्या बराच खाली. पशुखाद्याचं एक पोतं, समजा १,५०० रुपये. लग्नासाठी घेतलेल्या उचलीचा हप्ता ५००. लिटरला ५० पैसे ठेव, म्हणजे ८०. बँकेत जमा होतात २,८२५ रुपये. तिन्ही हप्ते असेच गेले तर महिन्याला १४,७१५ चं दूध घालून ८,४७५ हातात. कपातीत गैर काही नाही. पोतं घेतलेलं असतं आणि ठेव आपलीच असते. पण दूध किती रुपयांचं झालं आणि कपात कशाकशाची, हे दोन हिशेब बिलावर वेगळे दिसले पाहिजेत. नुसती निव्वळ रक्कम छापणाऱ्या बिलावर सभासदाला काहीच तपासता येत नाही.

आता त्या आकड्यांच्या उगमाकडे. फॅट काढण्याची पक्की पद्धत गर्बरची. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिलि गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलि दूध, मग १ मिलि अमाईल अल्कोहोल. आम्ल दुधातली प्रथिनं विरघळवतं, नळी गरम होते, यंत्रात चार-पाच मिनिटं फिरवली की फॅट वर येऊन मानेतल्या खुणांवर पिवळा स्तंभ उभा राहतो. तो डोळ्यांनी वाचायचा. यात शंकेला जागा थोडी, पण शंभर सभासदांच्या रांगेला हे परवडत नाही. म्हणून काउंटरवर अल्ट्रासॉनिक मशीन असतं, ते मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ दोन्ही सांगतं. मशीन दुधाला रसायन लावत नाही; ध्वनिलहरी दुधातून कशा जातात त्यावरून अंदाज बांधतं. त्यामुळे ते गर्बरशी जुळवून घ्यावं लागतं, रोज धुवावं लागतं, आणि दुधात हवेचे बुडबुडे असतील किंवा दूध आंबायला लागलं असेल तर चुकतं.

एसएनएफची जुनी रीत लॅक्टोमीटरची. गावात त्याच्या वाचनाला ‘डिग्री’ म्हणतात. २७ अंशांवर आखलेल्या लॅक्टोमीटरसाठी तापमानाची दुरुस्ती करायची, दर अंशाला साधारण ०.२, आणि मग सूत्र लावायचं:

एसएनएफ = (डिग्री ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४

डिग्री २८ आणि फॅट ४.० असेल तर ७ + १ + ०.४४, म्हणजे ८.४४. पण हेच सूत्र (०.२१ × फॅट) + ०.३६ असंही वापरात आहे, आणि ते लावलं तर त्याच दुधाचं एसएनएफ ८.२० येतं. दोन्ही सूत्रं आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला आखला आहे त्यानुसार ती ठरतात. एका लॅक्टोमीटरला दुसऱ्याचं सूत्र लावलं की मात्र दोन पॉईंटांहून जास्त फरक पडतो. तसंच गोठ्यातून थेट आणलेल्या दुधात फेस आणि हवा असते, त्यामुळे डिग्री कमी दिसते. अर्धा तास निवू दिलेल्या दुधाची डिग्री खरी.

पॉईंट कमी लागला की सभासदाचा पहिला संशय मशीनवर जातो, तो पुष्कळदा गोठ्यात सुटतो. काउंटरवर संचालक आणि सभासदाचं बोलणं असं चालतं: ‘काकू, वासरू कधी पाजता?’ ‘धार काढून झाल्यावर, शेवटी सोडते.’ आणि तिथेच उत्तर असतं. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट भरपूर. वासराला शेवटी सोडलं की फॅट वासराला जातं आणि कॅनमध्ये कमी पॉईंटाचं दूध येतं. वासराला आधी पाजलं आणि कास पूर्ण रिकामी केली तर फॅट सुधारतं. फॅट आणि डिग्री दोन्ही उतरली तर पाण्याचा संशय येतो. फॅट उतरून डिग्री चढली तर साय काढलेली असते. दोन आकडे एकत्र वाचले की दूध बोलतं.

आकडा पुसट होण्याची आणखी एक जागा आहे. मशीन ३.५८ दाखवतं, पण दरपत्रक एकाच दशांशाचं. संगणकाने ३.५८ चं ३.६ केलं तर ठीक, नुसता शेवटचा अंक छाटून ३.५ केलं तर प्रत्येक पावतीवर सरासरी अर्धा पॉईंट सभासदाचा जातो. आपल्या घराच्या १६० लिटरवर फॅटचे २४ रुपये आणि एसएनएफचे तेवढेच. ही सॉफ्टवेअरमधली एक सेटिंग असते. सचिवांना विचारता येते.

संस्थेलाही तिची परीक्षा द्यावी लागते. तिचं दूध संघाच्या डेअरीवर पुन्हा मोजलं, तपासलं जातं, आणि संस्थेला पैसे त्या आकड्यांवर मिळतात. समजा एका वेळेला सभासदांच्या नोंदीत ६१८ किलो दूध, सरासरी ३.८ फॅट, म्हणजे २३.४८ किलो फॅट. संघाने पावती दिली ६१५ किलो, ३.७ फॅटची, म्हणजे २२.७६ किलो. सातशे ग्रॅमांहून जास्त फॅट वाटेत नाहीसं झालं, जवळपास २४० रुपयांचं. असं दोन्ही वेळा, दहा दिवस चाललं तर ४,८०० रुपयांची घट. तीन किलो वजनाचं कारण कधी अगदी साधं असतं: शंभर जणांचे ३० मिलिचे नमुने काढून मोरीत ओतले तर तीन लिटर झालेच. फॅटचा पॉईंट मात्र मशीन जास्त दाखवतंय हे सांगतो, किंवा कॅन नीट ढवळल्याशिवाय वरच्या थराचा नमुना घेतला जातोय हे.

घट सगळ्यांना दिसते, सचिवांची झोप उडते. उलटं झालं, संघाकडे दरवेळी फॅट वाढून भरत असेल, तर संस्थेत आनंद असतो. माझ्या मते सभासदाने तेव्हा जास्त जागं व्हावं. त्याचा अर्थ काउंटरवरचं मशीन कमी दाखवतंय आणि ते पैसे संस्थेच्या नफ्यात साठतायत. दिवाळीला दर फरक म्हणून त्यातलं काही परत येतं, पण कसं वाटलं जातं याला महत्त्व आहे. लिटरवर वाटलं तर पातळ दूध घालणाऱ्यालाही तितकंच मिळतं. दुधाच्या रकमेवर वाटलं तर ज्याचे पॉईंट गेले त्याच्या वाट्याला जरा जास्त येतं. रकमेवर वाटप जास्त न्यायाचं आहे.

सभासदांनी वार्षिक सभेत तीन गोष्टी मागाव्यात: दरपत्रक भिंतीवर, दहा दिवसांची घट-वाढ फळ्यावर, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर मशीनशेजारी गर्बरची नळी. आणि आपल्या पावत्या टाकून देऊ नयेत, दहा दिवसांच्या पावत्यांची बेरीज बिलाशी घरीच जुळवावी.