दार-खिडक्या वजा जाता

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावानं गावच्या घराला एक खोली वाढवायला घेतली. आतून बारा फूट बाय दहा फूट, उंची दहा फूट, चारी भिंती नऊ इंची, एक दार आणि दोन खिडक्या. विटा किती मागवायच्या, असं त्यानं तीन जणांना विचारलं आणि तीन आकडे आले: एकाचा चार हजार, दुसऱ्याचा पावणेपाच हजार, तिसऱ्याचा पाच हजारांच्या वर. तिघंही वर्षानुवर्षं बांधकामात असलेली माणसं. मी इंजिनिअर आहे म्हणून भावानं मला फोन केला. तिघांच्या आकड्यांत फरक का पडला, हे शोधताना जे हाती लागलं ते घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला घोळ भिंतीच्या लांबीत होतो. खोलीचं आतलं माप १२ बाय १० म्हणजे आतून फेरी ४४ फूट. बाहेरून मोजलं तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच वाढून माप १३.५ बाय ११.५ होतं आणि फेरी ५० फूट. मग भिंतीची खरी लांबी कोणती? दोन्हीही नाहीत. ५० फूट धरले तर चारही कोपरे दोनदा मोजले जातात, ४४ धरले तर कोपरे सुटतातच. भिंतीच्या जाडीच्या बरोब्बर मधून दोरी फिरवली असं समजा. ती दोरी १२.७५ आणि १०.७५ फुटांच्या चौकोनातून जाते, तिची फेरी ४७ फूट. ताळा करायचा असेल तर दोन लांब भिंती बाहेरून मोजा, १३.५ आणि १३.५, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या दोन आखूड भिंती आतून, १० आणि १०. बेरीज पुन्हा ४७. उंची दहा फूट, म्हणून भिंतीचं एकूण दर्शनी क्षेत्रफळ ४७० चौरस फूट. बाहेरची फेरी धरणाऱ्यानं इथेच तीस चौरस फूट जास्त धरले होते, म्हणजे जवळजवळ तीनशे विटा.

आता दार-खिडक्या. दाराची पोकळी साडेतीन बाय सात फूट, म्हणजे २४.५ चौरस फूट. चार बाय चार फुटांच्या दोन खिडक्या, म्हणजे ३२. ही मापं घेताना दाराच्या फळीचं माप घ्यायचं नसतं. चौकटीच्या बाहेरचं, एका बाजूच्या विटेपासून समोरच्या विटेपर्यंतचं माप घ्यायचं, कारण चौकटीच्या जागीही वीट नसते. दोन्ही मिळून ५६.५ चौरस फूट वजा.

पण वजाबाकी इथे संपत नाही. प्रत्येक पोकळीवर काँक्रीटचं लिंटेल येतं आणि ते पोकळीइतकंच लांब नसतं. दोन्ही बाजूंना भिंतीवर सहा-सहा इंच टेकतं. म्हणजे दारावर साडेचार फूट आणि खिडक्यांवर पाच-पाच फूट, एकूण साडेचौदा फूट. जाडी सहा इंच धरली तर सव्वासात चौरस फूट भिंत विटेऐवजी काँक्रीटची आहे. लिंटेलचा पट्टा चारी भिंतींवरून फिरवला असेल तर पूर्ण ४७ फूट लांबीचा पट्टा वजा होईल. भावाच्या खोलीत तुकड्यांचीच लिंटेलं होती. तेव्हा ४७० मधून ५६.५ आणि ७.२५ गेले, उरले ४०६.२५ चौरस फूट. एवढीच खरी विटांची भिंत.

वजाबाकीवरून साइटवर एक वाद नेहमी होतो. कंत्राटदार म्हणतो, ‘दार-खिडकी अर्धीच कापायची, असाच नियम आहे.’ नियम आहे, पण तो प्लास्टरचा. मोजमापाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १२०० मध्ये, अर्धा चौरस मीटर ते तीन चौरस मीटर एवढ्या पोकळीसाठी प्लास्टर मोजताना भिंतीची एकच बाजू वजा करतात. त्यामागचं कारण रास्त आहे. पोकळीच्या आतल्या कडांना, खिडकीच्या तळाला आणि लिंटेलच्या खालच्या अंगाला प्लास्टर करावंच लागतं. त्या कामाची भरपाई न कापलेल्या दुसऱ्या बाजूतून होते. वीटकामात अशी भरपाई करायला काही नाही. पोकळीत वीट नाही म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीत वीट नाही. वीटकामात वजा होत नाहीत ती फक्त अगदी लहान भोकं, ०.१ चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण एक फूट बाय एक फूट. पाइपाची भोकं त्यात येतात. दोन बाय दीड फुटांचा व्हेंटिलेटर येत नाही, तो वजा करायचा. भावाच्या खोलीत दार-खिडक्या अर्ध्याच कापल्या असत्या तर पावणेतीनशे विटा कागदावर वाढल्या असत्या. मजुरीचा दर ठरवताना मिस्त्रीशी काही वेगळं बोलणं झालं असेल तर ते जरूर पाळावं, पण विटा मागवताना पूर्ण वजाबाकीच करावी.

आता एका चौरस फुटात किती विटा? बहुतेक हिशेब इथे चुकतात. मानकातली पारंपरिक मापाची वीट २३ × ११ × ७ सेंटिमीटर असते. सांधा एक सेंटिमीटरचा. बरेच जण विटेच्या तिन्ही मापांत एक-एक सेंटिमीटर मिळवून २४ × १२ × ८ चा ठोकळा करतात आणि भिंतीच्या घनफळाला त्यानं भागतात. दिसायला बरोबर वाटतं, पण जाडीच्या दिशेनं भिंतीकडे नीट पाहा. एक वीट पुढे, मध्ये एक सांधा, एक वीट मागे: ११ अधिक १ अधिक ११, म्हणजे २३. दोन विटांमध्ये सांधा एकच आहे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला माल नसतो. ठोकळ्याच्या हिशेबात मात्र जाडी २४ धरली जाते, म्हणून विटा चार टक्के कमी आणि माल जास्त निघतो.

त्यापेक्षा नऊ इंची भिंत समोरून मोजावी. समोर एक वीट लांबीनं दिसते तेव्हा सांध्यासकट ती २४ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर उंच जागा अडवते, म्हणजे १९२ चौरस सेंटिमीटर. तिच्यामागे तशीच दुसरी वीट असते. वरच्या थरात विटेची तोंडं दिसत असतील, तर तेवढ्याच २४ सेंटिमीटरमध्ये १२-१२ ची दोन तोंडं बसतात. थर कोणताही असो, १९२ चौरस सेंटिमीटरमागे दोन विटा. एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. त्यावरून चौरस फुटाला ९.६८ विटा येतात.

भावाच्या खोलीला ४०६.२५ गुणिले ९.६८, म्हणजे ३,९३२ विटा. दारा-खिडक्यांच्या कडांना अर्ध्या आणि पाऊण विटा फोडून बसवाव्या लागतात, गाडीतून उतरवताना काही फुटतात, म्हणून पाच टक्के वाढवायचे. एकूण ४,१३०. पोकळ्या आणि लिंटेलं वजाच केली नसती तर पावणेपाच हजारांच्या वर गेलो असतो. दुसऱ्याचा आकडा तिथून आला होता. तिसऱ्यानं बाहेरची फेरीही धरली होती, म्हणून तो पाच हजार ओलांडून गेला.

हे सगळं मात्र वीट खरोखरच २३ × ११ × ७ ची असेल तरच खरं. म्हणून भट्टीवर गेलात तर वीस विटा एका रांगेत लांबीला लांबी लावून ठेवा आणि टेप धरा. माप ४ मीटर ६० सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं, मानकाप्रमाणे आठ सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतात. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या भट्टीवर माप ४ मीटर २० भरलं. म्हणजे वीट २१ सेंटिमीटरची, रुंदी दहाची. नगाला ती स्वस्त होती, पण तिचा हिशेब चौरस फुटाला साडेदहाच्या वर जातो. आमच्या खोलीला साडेतीनशे विटा जास्त लागल्या असत्या आणि भिंत नऊ इंच भरलीच नसती. अशा विटेत मिस्त्री जाडी भरून काढायला मधला सांधा फुगवतो, आणि विटेत वाचलेले पैसे सिमेंटमध्ये जातात.

मालाचा हिशेबही त्याच १९२ चौरस सेंटिमीटरमधून निघतो. त्याला २३ ची जाडी दिली की ४,४१६ घन सेंटिमीटर भिंत. त्यात दोन विटांचे ३,५४२ गेले, उरला तो माल: भिंतीच्या जवळजवळ वीस टक्के. आमच्या भिंतीचं घनफळ ४०६.२५ गुणिले पाऊण फूट, म्हणजे ३०५ घनफूट. त्याचा वीस टक्के माल ६१ घनफूट. विटेच्या अंगावरचा खळगा वर ठेवून बांधतात आणि तोही मालानं भरतो. तो दहा बाय चार सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटर खोल धरला, तर चार हजार विटांत साडेपाच घनफूट माल जिरतो. सांडलवंडीचे दहा टक्के धरून ओला माल ७३ घनफूट झाला. कोरडी वाळू आणि सिमेंट पाणी घालून कालवलं की दाण्यांमधल्या पोकळ्या भरतात आणि माल बसतो. म्हणून कोरडा माल १.३ पट घ्यायचा: ९५ घनफूट.

एकास सहा प्रमाणात त्याचे सात भाग करा. एक भाग सिमेंट, साडेतेरा घनफूट. पन्नास किलोची गोणी सुमारे सव्वा घनफूट भरते, म्हणजे अकरा गोण्या. उरलेले सहा भाग वाळू, ८१ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ०.८१ ब्रास. पण नदीची वाळू ओलसर आली तर ती फुगलेली असते, पाव हिश्शापर्यंतसुद्धा. तेव्हा एक ब्रास मागवला.

काम सुरू झाल्यावर हा हिशेब टिकतोय का, हे पाहायला एक सोपी खूण आहे. भिंतीवर टेप उभी धरून चार थर आणि त्यांमधले तीन सांधे एकत्र मोजायचे. चार विटांचे २८ आणि सांध्यांचे ३, माप ३१ सेंटिमीटर यायला हवं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मोजलं तेव्हा ३३ आलं. सांधे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटरचे झाले होते. याच गतीनं गेलो असतो तर विटा उरल्या असत्या आणि सिमेंट आठवडा संपायच्या आत कमी पडलं असतं. मिस्त्रींना टेप दाखवली. ते म्हणाले, ‘विटा कोरड्या आहेत साहेब, माल लगेच ओढतात, म्हणून जाड थापावा लागतो.’ म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून विटा आदल्या रात्री पाण्यात भिजवून घेतल्या. दुपारी पुन्हा टेप धरली, माप ३१ च्या किंचित वर होतं.

स्लॅबखालचा शेवटचा थर बसला तेव्हा अंगणात शंभरेक धडक्या विटा आणि एक गोणी सिमेंट शिल्लक होतं. ती गोणी पायऱ्यांना लागली.