चॅटमधली तक्रार ईमेलमध्ये लिहिताना

‘काका, ते परत सुरू झालंय. काल रात्री तर बादली ठेवावी लागली. तो माणूस आलाच नाही. फोटो टाकलेत वर. बघा ना जरा.’

सोसायटीच्या सचिवांना व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप गेला, तर त्यांना सगळे समजते, कारण आधीचे बोलणे त्याच चॅटमध्ये वर दिसत असते. पण हाच मजकूर ईमेलने समितीकडे गेला, तर नव्या सदस्याला किंवा वास्तुतज्ज्ञाला त्यातून काहीच कळणार नाही. सहा महिन्यांनी कोणी ही तक्रार शोधू लागले, तर ‘गळती’ हा शब्दसुद्धा त्यात सापडणार नाही.

म्हणून आधी निरोपातल्या आधाराने उभ्या असलेल्या शब्दांखाली रेघ मारावी: ते, परत, काल, तो माणूस, वर. मग प्रत्येकाच्या जागी नाव, तारीख किंवा ठिकाण घालावे. शेवटचे ‘बघा ना’ तर सर्वांत मोघम. कोणी, काय, कधीपर्यंत करायचे, हे तिथे स्पष्ट लिहावे लागते. एवढे केले की ईमेल असा होतो:

विषय : सदनिका ७०२ – बेडरूमच्या छतातून पुन्हा गळती, पाहणीची विनंती

मा. सचिव,
मी सदनिका ७०२ मध्ये, शेवटच्या मजल्यावर राहते. बेडरूमच्या छतातून पाणी गळत असल्याची तक्रार मी ३ जुलै २०२५ रोजी केली होती. ५ जुलैला समितीच्या ठेकेदाराने गच्चीवरील भेग बुजवली. १४ जुलैच्या रात्री त्याच जागेतून पुन्हा पाणी गळू लागले. गच्चीतून पाणी झिरपत असावे, असा माझा अंदाज आहे. ठेकेदार १५ जुलैला येणार होते, पण आले नाहीत. १४ जुलैच्या रात्रीचे दोन फोटो सोबत जोडले आहेत. समितीने २० जुलैपर्यंत गच्चीची पाहणी करून दुरुस्तीची तारीख कळवावी, ही विनंती.

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर द्यावा. यात बादली गळून पडली, कारण गळती किती होती ते फोटो सांगतो. अंदाज मात्र अंदाज म्हणूनच लिहिला आहे. पाणी खरोखर कुठून येते, हे पाहणीनंतरच ठरेल आणि दुरुस्तीचा खर्च सोसायटीने करायचा की सदनिकाधारकाने, हेही त्यावरच अवलंबून राहील. ठामपणे लिहिलेला अंदाज चुकला, तर बाकीच्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

पुष्कळजण चॅटचे स्क्रीनशॉट जोडून मोकळे होतात. त्यात ‘काल’ म्हणजे कोणता दिवस, हे वाचणाऱ्यालाच शोधावे लागते. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जरूर जोडावेत, पण हकिगत ईमेलमध्येच पूर्ण असावी.

पाठवण्यापूर्वी हा मजकूर प्रकरण ठाऊक नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या. त्याने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर तोंडी देऊ नका, ईमेलमध्ये लिहा.