आयुर्वेदाची जाहिरात, भाग ४ : ‘संधिवात’ हा शब्द कुठे लिहायचा नाही

गेल्या भागात आपण बाटलीवरच्या लेबलाचे नियम पाहिले. आज त्याच बाटलीचा फोटो आणि फोटोखालच्या चार ओळी पाहू. उदाहरणासाठी एक कल्पनेतले दुकान धरू या. बराकपूर छावणीजवळ एका मराठी जोडप्याचे हे छोटे दुकान आहे. महाराष्ट्रातल्या एका परवानाधारक कारखान्यातून ते महानारायण तेल मागवतात आणि इन्स्टाग्रामवर व व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर त्याचे फोटो टाकतात. फोटोखाली मजकूर असा :

‘जुनाट संधिवात, सायटिका, अर्धांगवायू मुळापासून बरा! फक्त २१ दिवसांत फरक. १०० टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. सरकारमान्य, जीएमपी प्रमाणित.’

असा मजकूर रोज दिसतो, म्हणून त्यात कुणाला काही खटकत नाही. पण यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य कायद्याला नाही तर सत्याला धरून नाही. कोणते वाक्य कशामुळे अडते हे नीट कळले, तर नवा मजकूर लिहिणे फारसे अवघड नाही.

सुरुवात पहिल्या वाक्यापासून. १९५४ साली औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध एक केंद्रीय कायदा झाला. त्याला जोडलेल्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, लठ्ठपणा, मूतखडा, मोतीबिंदू, फेफरे, कोड हे सगळे त्यात आहेत. आपल्या दुकानाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे संधिवात आणि पक्षाघातही त्यात आहेत. या आजारांचे निदान, इलाज, उपशमन, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी अमुक औषध वापरा, असे सुचवणारी जाहिरात करता येत नाही.

कायद्याने ‘बरा होतो’ एवढेच शब्द पकडलेले नाहीत, हे इथे नीट ध्यानात घ्यावे लागते. उपशमन आणि प्रतिबंधही त्यात आहेत, आणि ‘सुचवणे’ही आहे. त्यामुळे ‘बरा’ काढून ‘आराम’ घातला, ‘संधिवातात उपयुक्त’ किंवा ‘संधिवातापासून बचाव’ असे सौम्य केले, तरी फारसा फरक पडत नाही. क्रियापद कितीही नरम केले तरी अडचण आजाराच्या नावातच आहे. मजकूर साळसूद ठेवून खाली हॅशटॅगमध्ये #संधिवात टाकायचे, किंवा फोटोत लाल झालेल्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवायचा, ही युक्तीही चालत नाही. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन आणि परिपत्रक तर आहेतच, शिवाय तोंडी घोषणा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही आहे. १९५४ च्या लोकांना मोबाइल ठाऊक नव्हता, पण व्याख्या त्यांनी इतकी ऐसपैस केली की रीलमधला आवाजही तीत बसतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा घडल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते.

इथे दुकानदार हमखास एक आक्षेप घेतो आणि तो रास्त आहे. तो म्हणतो, “अहो, हे मी मनाचं सांगत नाही, ग्रंथात लिहिलंय.” खरेच लिहिले आहे. महानारायण तेलाचा पाठ ‘भैषज्यरत्नावली’त वातव्याधीच्या प्रकरणात येतो. हा ग्रंथ बंगालच्या परंपरेतला, गोविंददासांचा. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे प्रमाणग्रंथ आहेत, त्यांत त्याचे नाव आहे. म्हणूनच त्या पाठाप्रमाणे तेल बनवायचा परवाना मिळतो. पण ग्रंथाधारामुळे बनवण्याची परवानगी मिळाली, म्हणून जाहिरातीची परवानगी मिळाली असे होत नाही. हे दोन कायदे वेगळे आहेत आणि त्यांचे हेतूही वेगळे आहेत. ग्रंथ वैद्यासाठी लिहिलेला आहे. रुग्णाची प्रकृती, वय, रोगाची अवस्था पाहून हे तेल द्यायचे की दुसरे काही, हे वैद्य ठरवतो. जाहिरात मात्र जो समोर येईल त्या प्रत्येकाला तेच सांगते. अर्धांगवायूची पहिली लक्षणे दिसताच ज्याला तासाभरात इस्पितळात पोचवायला हवे, त्याच्या घरच्यांनी अशा ओळी वाचून मालिश करत बसावे, हा धोका मला खरा वाटतो, आणि म्हणून कायद्याची ही रेघ मला योग्य वाटते. हीच माहिती गोपनीय रीतीने फक्त नोंदणीकृत वैद्यांना पाठवायला कायद्यात ठरलेल्या रीतीने मुभा आहे.

परवाना एका गोष्टीचा आणि दावा दुसऱ्याच गोष्टीचा, याचा सगळ्यांना आठवणारा दाखला म्हणजे कोरोनिल. २३ जून २०२० रोजी हरिद्वारला पतंजलीने हे औषध कोविडवरचा इलाज म्हणून पुढे आणले. तीन दिवसांत ६९ टक्के आणि सात दिवसांत १०० टक्के रुग्ण बरे झाले, असा दावा होता. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगून तपशील मागवला. मग उत्तराखंडच्या परवाना खात्याने सांगितले की अर्ज आला होता तो प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या आणि ताप-खोकल्याच्या औषधासाठी, कोरोनाचा त्यात उल्लेख नव्हता. चाचणीतले रुग्ण सौम्य लक्षणांचे किंवा लक्षणेच नसलेले होते. असे बहुतेक रुग्ण काही दिवसांत आपोआप बरे होतात, त्यामुळे मोठा टक्का पाहून औषधाचा गुण ठरवता येत नाही. आपल्या दुकानाच्या ‘२१ दिवसांत फरक’लाही हेच लागू आहे. दुखणे वाढते-उतरते, आणि माणूस तेल विकत घेतो ते बहुधा दुखणे शिगेला पोचलेले असताना. त्यानंतर ते थोडे उतरतेच. तेल न लावणाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय ते श्रेय तेलाला देता येत नाही.

कोरोनिलचा दुसरा अंक फेब्रुवारी २०२१ मधला. औषध पुन्हा सादर झाले आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, अशी समजूत पसरली. संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने स्पष्ट केले की कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाची आपण तपासणी केलेली नाही वा प्रमाणपत्र दिलेले नाही. प्रत्यक्षात जे होते ते भारताच्या औषध नियंत्रकांनी संघटनेच्या नमुन्यानुसार दिलेले निर्यातीसाठीचे प्रमाणपत्र. महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राशिवाय राज्यात विक्री होऊ देणार नाही, असे जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोविड बरा करण्याचे दावे हटवायचा आदेश दिला.

आता आपल्या मजकुरातले ‘सरकारमान्य, जीएमपी प्रमाणित’ पुन्हा वाचा. जीएमपी म्हणजे उत्पादनाची चांगली रीत. कारखाना स्वच्छ आहे, कच्चा माल तपासला जातो, प्रत्येक बॅचची नोंद राहते, एवढेच ते सांगते. तेल संधिवातावर गुण देते की नाही याबद्दल ते काहीच बोलत नाही. परवाना म्हणजेही सरकारची शिफारस नव्हे. परवाना क्रमांक जरूर द्यावा, कारण त्यावरून ग्राहकाला खातरजमा करता येते, पण ‘सरकारमान्य’ हा शब्द सोडून द्यावा. ‘साइड इफेक्ट शून्य’ही सोडावे. तिळाच्या तेलाची किंवा त्यातल्या एखाद्या वनस्पतीची अ‍ॅलर्जी असलेला माणूस ग्राहकांत असणारच.

“मग आधी सरकारकडून जाहिरात मंजूर करून घेतली तर?” असे विचारणारे भेटतात. तशी तरतूद होती. डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत नियम १७० आला आणि आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागू लागली. उत्पादक न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो नियम वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका निकाली निघताना ती स्थगितीही उठली. पूर्वमंजुरी गेली, पण १९५४ चा कायदा जागच्या जागी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला आधी सांगणारे कुणी उरले नाही, नंतर विचारणारे आहेत.

तर बराकपूरच्या त्या दुकानासाठी मी असे लिहीन :

‘महानारायण तेल. बाहेरून लावण्यासाठी. मूळ पाठ भैषज्यरत्नावलीतला : तिळाचे तेल, शतावरी, अश्वगंधा, बला, गोखरू, दूध आणि इतर द्रव्ये. परंपरेने अंगाच्या मालिशीसाठी वापरले जाते. किंचित कोमट करून हलक्या हाताने चोळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा. जखमेवर लावू नका. आजारपणात वापरण्यापूर्वी नोंदणीकृत वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्या. परवाना क्रमांक आणि बॅच लेबलवर.’

यात रोग नाही, दिवसांची मुदत नाही, टक्के नाहीत. तरी ग्राहकाला उपयोगी माहिती पहिल्यापेक्षा जास्त आहे. मला स्वतःला शेवटून दुसऱ्या वाक्यावर थोडे थांबावे लागले. ‘सांधे दुखत असल्यास वैद्यांना विचारा’ असे लिहायचा मोह होतो आणि ते दिसायला जबाबदारपणाचेच आहे, पण तेलाच्या फोटोखाली सांध्यांचा उल्लेख आला की तेल त्यासाठीच आहे असे सुचते. म्हणून ‘आजारपणात’ एवढेच मोघम ठेवले.

ग्राहकाचे अनुभवही याच चाळणीतून जातात. ‘तुमच्या तेलाने आईचा संधिवात गेला’ असा निरोप कुणी पाठवला तर तो त्या व्यक्तीचा अनुभव असतो. दुकानाने त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला लावला की ती दुकानाची जाहिरात होते. पैसे किंवा फुकट बाटली देऊन कुणाकडून व्हिडिओ करून घेतला असेल, तर ‘जाहिरात’ हा शब्द सुरुवातीलाच, सहज दिसेल असा हवा, हॅशटॅगच्या गर्दीत लपलेला नको.

आणि कुणी थेट विचारले, “काकू, माझ्या सासूबाईंना संधिवात आहे, हे चालेल का?”, तर काकूंनी उत्तर द्यावे, “हे मालिशीचं तेल आहे. संधिवातासाठी वापरायचं की नाही ते वैद्यांना विचार. बाटलीच्या लेबलाचा फोटो पाठवते, तो त्यांना दाखव.”

पुढच्या भागात : तेच तेल औषध म्हणून नव्हे, तर सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले तर काय बदलते.