संमतीचा तास, एका कार्डावर

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९च्या तुकडीपासून ‘एटकॉम’ हा भाग सक्तीचा झाला. वृत्ती, नीती आणि संवाद असे त्याचे तीन विषय, आणि ते गटचर्चेतून शिकवावेत अशी अपेक्षा. तरीही नीतीचा तास बरेचदा जुन्या वळणावर जातो. पडद्यावर चार तत्त्वे येतात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, अपाय न करणे आणि न्याय. बीचम आणि चिल्ड्रेस यांनी १९७९च्या ग्रंथात ही चौकट मांडली. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. ही तत्त्वे कुणालाच अमान्य नसतात, आणि अडचण नेमकी तिथे आहे. सुटी सुटी वाचली तर चारही पटतात. खरा पेच पडतो तो दोन तत्त्वे एकाच रुग्णाच्या बाबतीत समोरासमोर आली की. म्हणून व्याख्यानाचे प्रसंगाच्या कार्डात रूपांतर करायचे, तर तत्त्वाला उदाहरण जोडून भागत नाही. दोन तत्त्वे जिथे भिडतात तो क्षण शोधायचा आणि निर्णय होण्याआधी गोष्ट थांबवायची.

संमतीचे व्याख्यान घेऊ. त्यातले मुख्य वाक्य असे: सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय उपचार करू नयेत. हे वाक्य कुठे अडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २००८च्या एका निकालात स्पष्ट दिसते. रुग्ण चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री. दुर्बिणीतून तपासणी व त्यातूनच उपचार, तसेच वेळ पडल्यास पोट उघडावे लागेल, एवढ्याला तिने लेखी संमती दिली होती. भुलीखाली असताना आजार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. बाहेर बसलेल्या आईची सही घेण्यात आली आणि गर्भाशय, बीजांडकोश व बीजवाहिन्या काढण्यात आल्या. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान होती, भुलीमुळे तात्पुरती बेशुद्ध होती, जिवावर बेतलेले नव्हते; तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. दुसरी शस्त्रक्रिया, दुसरी भूल आणि दुसरा खर्च वाचवण्याचा हेतू चांगला असला तरी त्याने संमतीची जागा भरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली गेली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली.

हा निकाल जसाच्या तसा वर्गात सांगितला तर ती बातमी होते; विद्यार्थी मान डोलावतात आणि चूक दुसऱ्याची होती म्हणून निश्चिंत होतात. कार्ड करताना निकाल पूर्ण बाजूला ठेवायचा आणि सहीच्या आधीच्या क्षणापाशी थांबायचे. मग मजकूर साधारण असा होतो: ‘तुम्ही थिएटरमधले ज्युनियर रेसिडेंट आहात. रुग्ण ४४ वर्षांची, अविवाहित. फॉर्मवर लिहिले आहे: दुर्बिणीतून तपासणी व उपचार, गरज पडल्यास पोट उघडणे. आत पाहिल्यावर आजार सर्वत्र पसरलेला दिसतो. मॅडम म्हणतात, पिशवी काढली तर कायमचा आराम पडेल, नाहीतर महिन्याभरात पुन्हा टेबलावर घ्यावे लागेल. रक्तदाब व नाडी स्थिर आहे. आई बाहेर बसली आहे. मॅडम तुम्हाला कोरा फॉर्म देऊन सांगतात, “जा, आईची सही आण.” तुम्ही दारापाशी पोहोचला आहात.’ यात मॅडमविषयी एकही विशेषण नाही, हे महत्त्वाचे. मॅडमना घाईच्या किंवा पैशाच्या मागे लागलेल्या दाखवले की पेच तिथेच संपतो. चुकीच्या वाटेच्या बाजूचे कारण जितके सबळ, तितके कार्ड सकस. इथे मॅडमचे म्हणणे रुग्णाच्या हिताचेच आहे. ते स्वायत्ततेशी भिडते म्हणून तर प्रश्न उभा राहतो.

कार्डाच्या मागच्या बाजूला संबंधित व्यक्ती येतात. नुसती नावांची यादी निरुपयोगी असते. प्रत्येकाला काय माहीत आहे, काय हवे आहे आणि काय गमवावे लागेल, हे एकेका ओळीत लिहायचे. आईला मुलगी लवकर बरी व्हायला हवी आहे. सहीने नेमके काय जाणार आहे, हे तिला कुणी सांगितलेले नाही. भूलतज्ज्ञाला पुढे किती वेळ भूल द्यायची ते आत्ता ठरवायचे आहे. सिस्टरकडे मूळ फॉर्म आहे आणि त्यावरचे शब्द तिने वाचलेले आहेत. रेसिडेंटचे पुढचे काम मॅडमच्याच हाताखाली आहे. आणि जिचे सर्वांत जास्त जाणार आहे, ती रुग्ण एक शब्दही बोलू शकत नाही. सहा-आठ जणांच्या गटात एकाला तिची भूमिका देऊन पुढे सांगितलेले दुसरे कार्ड येईपर्यंत गप्प बसवावे. तिच्या नावाने किती जण किती खात्रीने बोलतात, हे त्या शांततेत आपोआप उघडे पडते.

चर्चेचे प्रश्न ‘हे योग्य की अयोग्य?’ असे असले की हात वर होतात आणि विषय संपतो. पहिला प्रश्न कृतीचा हवा: दारातून बाहेर पडल्यावर आईशी तुमचे पहिले वाक्य काय असेल? की बाहेर न जाता मॅडमशी बोलाल, आणि कोणत्या शब्दांत? दुसरा प्रश्न कारणाचा: फॉर्मवरच्या ‘उपचार’ या शब्दात पिशवी काढणे बसते का? या वेळी कुणी तरी हमखास म्हणतो, ‘आधीच नीट विचारायला हवे होते.’ ही पळवाट आहे, कारण ती वेळ टळून गेली आहे. तिला शेवटचा प्रश्न म्हणून राखून ठेवावे: हाच फॉर्म काल संध्याकाळी भरताना तुम्ही काय विचारले असते आणि कोणते वाक्य वाढवले असते? मधल्या वेळी दुसरे कार्ड द्यायचे, ज्यात फक्त एक वस्तुस्थिती बदललेली असेल: रक्तस्राव थांबत नाही, नाडी वाढते आहे, आणि पिशवी काढल्याशिवाय जीव वाचणार नाही. जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी थांबणे शक्य नसेल तेव्हाचा अपवाद न्यायालयानेही मान्य केला आहे. कोणत्या एका गोष्टीने उत्तर फिरले, हे गटाने स्वतः सांगितले की तत्त्वाची हद्द त्यांना समजली असे मानावे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. व्याख्यानात तासाभरात संमतीचे सगळे घटक, वयाच्या अटी, अपवाद सांगून होतात. कार्डावर एकच प्रसंग होतो. हे खरे आहे. म्हणून ती माहिती एका पानात आधी वाचायला द्यावी आणि तास पेचासाठी ठेवावा. व्याख्यानाला पर्याय म्हणून कार्ड चालत नाही. ज्याला कायदा ठाऊक नाही त्याची चर्चा मतांच्या देवाणघेवाणीवर थांबते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चर्चेतून ‘ज्याचे त्याचे मत’ असा धडा घेऊन मुले बाहेर पडतील. त्यावर उपाय म्हणजे शिक्षकासाठी वेगळा कागद. त्यात काय ठरलेले आहे आणि काय खरोखर खुले आहे, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. जीवघेणा प्रसंग नसताना सज्ञान रुग्णाऐवजी आईची सही चालत नाही, हे ठरलेले आहे. शेवटी ते स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. रेसिडेंटने वरिष्ठांना कसे थांबवावे, हे मात्र खुले आहे आणि त्याची उत्तरे अनेक असू शकतात. तिसरा आक्षेप असा की प्रत्यक्ष थिएटरमध्ये अशा चर्चेला वेळ नसतो. नसतोच, म्हणून ती आधी वर्गात व्हायला हवी.

कार्ड जमले की नाही, हे पहिल्या गटातच कळते. दोन मिनिटांत सगळ्यांचे एकमत झाले तर उत्तर मजकुरातच फुटले आहे. सगळे प्रश्न आजाराच्या अवस्थेबद्दल येऊ लागले तर वैद्यकीय माहिती अपुरी पडली आहे. ती भरावी, नाहीतर नीतीचा तास निदानाचा होतो. गट दोन बाजूंना विभागला आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांचे कारण बिनचूक सांगू शकले, तर ते कार्ड ठेवावे. नीती शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या व्याख्यानातले सगळ्यांना पटणारे एक वाक्य उचलावे, ते कुठे अडते ते शोधावे आणि येत्या सत्रात तेवढे एकच कार्ड करून पाहावे.